बिनानावाचा अभिप्राय

सगळ्यात आधी सांगून टाकते, चूक माझी नव्हती. कामिनी म्हणते, अर्धी तुझीच होती. पण कामिनी सीए आहे. तिला कुठलीही गोष्ट दोन बाजूंना वाटून टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या मागे आम्ही दोघींनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली आहे. तिचं टेबल खिडकीपाशी, माझं दारापाशी. मी सीए नाही. मी हिशोब आणि साठ्याची सल्लागार, प्रणाली हेडाऊ, दारावर पाटी आहे. दुकानाचे हिशोब, जीएसटी, गोदामातला साठा, सगळं सुरळीत लावून देते. नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं आणि ग्राहक होते फक्त पाच. तेही असे, की फी मागितली की चहा मागवतात.

म्हणून ठरवलं, एक पोस्ट टाकायची. एखाद्या खूश ग्राहकाचा अभिप्राय, काम करण्याआधी काय होतं, नंतर काय झालं, असं. लोक वाचतील, चौकशी करतील.

"तू टाकू शकतेस," कामिनी म्हणाली. "आमच्या नियमात ग्राहकाची वाहवा छापून मिरवणं बसत नाही. पण टाकशील तर नीट टाक. ग्राहकाची लेखी परवानगी घे, नाव नको, आकडे रुपयांत नको. आणि छापायच्या आधी त्याला शेवटचा मजकूर दाखव."

"माहीत आहे मला."

"माहीत असतं सगळ्यांनाच," ती म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता खूश ग्राहक कोण, तर गांधीबागचे चंदनभाऊ पराते. साड्यांचे घाऊक व्यापारी. आजोबा हातमागावर बसायचे, वडलांनी दुकान टाकलं, चंदनभाऊंनी त्याची तीन गोदामं केली. वर्षभरापूर्वी ते माझ्याकडे आले तेव्हा त्या गोदामांतला एक्केचाळीस टक्के माल वर्षाहून जुना होता. कोणता गठ्ठा कुठं आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे रामाजी मुनीम.

रामाजी एकतीस वर्षांपासून त्या दुकानात. कळमेश्वरजवळच्या गावाहून रोज बसनं येतात, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. सगळा साठा त्यांच्या डोक्यात आणि एका लाल वहीत. त्या वहीतलं अक्षर मोत्यासारखं, पण पद्धत अशी की दुसऱ्या कुणाला काही उमगणार नाही.

"ताई, काम करा, पण माझी एकच अट हाय," चंदनभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "रामाजीले कळलं नाही पाहिजे का मी बाहेरून माणूस लावला."

"काहून?"

"आठ वर्षांपहिले मी दुकानात कम्प्युटर आणला. त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रामाजी घरी. म्हणे, आता तुमाले माझी गरज नाही. शेवटी माझी माय, जनाबाई, स्वतः त्यांच्या गावाले जाऊन दारात बसली, तेव्हा आले. आता मायचं वय झालं. ते पुन्हा गेले, तर दुकान कसंबी चालवीन मी, पण माय मले घरात घेणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "मलेबी नाही करमणार हो."

तर अशा रीतीनं मी, वय चौतीस, चंदनभाऊंच्या मावसबहिणीची मुलगी झाले आणि एम.कॉम.चा प्रोजेक्ट करायला लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वही घेऊन गोदामात. रामाजी मला शिकवायचे. साडीचा गठ्ठा कसा बांधतात, पदर कसा पाहतात, कोणता रंग कोणत्या गावाला जातो. आणि मी मध्येच म्हणायचे, "काका, आमचे सर म्हणतात, गठ्ठ्यावर आल्याची तारीख टाकून पाहा." ते विचार करायचे आणि टाकायचे. "आमचे सर म्हणतात, वर्षावरचा माल वेगळ्या फळीवर ठेवला तर?" तो ठेवला गेला. सर म्हणाले, जुना आणि नवा माल मिळून जोडगठ्ठे करा, लहान गावातल्या दुकानदारांना लग्नसराईत द्या. ते केलं. सर म्हणाले, जुन्या मालाची यादी पाहिल्याशिवाय नवी ऑर्डर देऊ नका. तेही झालं. नसलेल्या सरांच्या डोक्यानं वर्षभरात एक्केचाळीस टक्क्यांचे बारा टक्के झाले, आणि जो साठा मोजायला नऊ दिवस लागायचे तो दोन दिवसांत मोजून झाला. रामाजी बाजारात सांगायचे, आमी नवीन पद्धत बसवली. मला त्याचा एवढा आनंद व्हायचा की विचारू नका.

आता पोस्ट.

पहिला मसुदा मी लिहिला तो कामिनीनं वाचला आणि हसली. हसली म्हणजे काय, खुर्चीला टेकून हसली. मी लिहिलं होतं, 'गांधीबागेतील तिसऱ्या पिढीचे साडी व्यापारी, तीन गोदामे, एकतीस वर्षांचे जुने मुनीम.'

"नाव तेवढं राहिलं," ती म्हणाली. "घरचा पत्ताही टाक ना."

मग एकेक काढत गेलो. गांधीबाग गेली, साडी गेली, तीन गोदामं गेली, पिढी गेली. मुनीम तर सगळ्यात आधी गेले. शेवटी उरला 'मध्य भारतातील एक घाऊक व्यापारी'. आकडे रुपयांत नव्हतेच, पण टक्केही नेमके ठेवले नाहीत. 'वर्षाहून जुना माल चाळीस टक्क्यांच्या वर होता, साधारण वर्षभरात पंधराच्या आत आला.' गोदामाचा एक छान फोटो काढला होता, त्यात मागच्या भिंतीवर दुकानाच्या नावाचं कॅलेंडर दिसत होतं, म्हणून तोही गेला. खाली एक ओळ टाकली, प्रत्येक धंद्याचा निकाल वेगळा असतो, हाच आकडा तुम्हाला मिळेल असं वचन नाही. आता फक्त ग्राहकाचे दोन शब्द हवे होते.

चंदनभाऊंना फोन केला. "दोन-चार ओळी द्या, तुमच्या शब्दांत."

"देतो ना," ते म्हणाले. "नाव नाही ना येणार कुठं?"

"नाही."

"मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आवाजी निरोप नाही, टाइप केलेला मजकूर आला. 'पहिले गोदामात शिरलो का शिंका सुरू होत. आता माल कुठं हाय हे खुर्चीवर बसल्या सांगता येते. काम करणारीनं गाजावाजा न करता काम केलं, अन् जुन्या माणसाचा मान ठेवला.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं. चंदनभाऊ एवढं सुंदर लिहितात? ज्या माणसाचे मला वर्षभर फक्त आवाजी निरोप आले, त्यातही अर्धा वेळ हॉर्न, त्यानं हे लिहिलं? पण कौतुक कुणाला नको असतं. मी खूश झाले आणि शंका बाजूला ठेवली. कामिनी ज्याला माझी अर्धी चूक म्हणते ती हीच.

शिंका काढल्या, गोदाम काढलं. 'हाय'च्या जागी 'आहे' वगैरे करून भाषा सरळ केली, म्हणजे विदर्भाचा वास येऊ नये. खाली लिहिलं, 'मालक, घाऊक व्यापार'. शेवटचा मजकूर चंदनभाऊंना पाठवला. लेखी उत्तर द्या म्हटलं. तासाभरात उत्तर आलं.

'मजकूर वाचला. टक्के बरोबर. प्रसिद्ध करण्यास हरकत नाही. कळावे.'

कळावे. आता तुम्हीच सांगा, व्हॉट्सॲपवर 'कळावे' कोण लिहितं? पण तेव्हा मला काही कळलं नाही.

सोमवारी सकाळी पोस्ट टाकली, लिंक्डइनवर आणि फेसबुकच्या पानावर, खाली माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता. रामाजी ही दोन्ही कशाला पाहतील, असं मी धरून चालले होते. संध्याकाळपर्यंत चार चौकशा आल्या. एक तर बाबूलाल म्हणून गांधीबागचेच होते, त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "हा व्यापारी कोण?" मी म्हटलं, तुमचं काम केलं तर तुमचंही नाव कुणाला सांगणार नाही. ते खूश झाले, म्हणाले गुरुवारी येतो. मी कामिनीला समोसा दिला.

मंगळवारी अकराला चंदनभाऊंचा फोन. आवाजच वेगळा.

"ताई, रामाजी आले नाही."

"बस चुकली असेल."

"एकतीस वर्षांत न सांगता खाडा नाही केला त्यांनी. फोन उचलून नाही राहिले. तुमची ती पोस्ट बाजाराच्या ग्रुपवर फिरून राहिली. तुमी नाव टाकलं काय?"

"नाव तर सोडा, मी विदर्भसुद्धा ठेवला नाही त्यात. कुणालाच कळू शकत नाही." आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात 'कळावे' वाजलं. "चंदनभाऊ, ते चार शब्द तुम्ही लिहिले ना?"

पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"चंदनभाऊ."

"आता तुमाले माहीत हाय, मले लिहाचं म्हटलं का कसं होते. दुकानातलं सगळं लेखन रामाजीच करतात ना. बँकेचं पत्र, लग्नाची पत्रिका, सगळं. मी म्हटलं, रामाजी, एका बाईचं काम चांगलं हाय, दोन शब्द लिहून द्या. नाव नाही सांगितलं मी."

"आणि ती परवानगी? मजकूर वाचला, टक्के बरोबर?"

"तेबी... मी म्हटलं, काही चुकलं का पाहा बरं. त्यात नाव नव्हतंच ना."

मी डोक्याला हात लावला. ज्या एका माणसापासून लपवायचं, त्याच्याचकडून अभिप्राय लिहून घेतला. एवढंच नाही, तो छापायची परवानगीही त्याच्याचकडून. माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत आणि दीड वर्षाच्या धंद्यात असा गोपनीयतेचा कारभार मी पाहिला नव्हता. मी चंदनभाऊंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कामिनीनं खिडकी लावून घेतली.

"ताई, ते गेले तर?" एवढंच ते म्हणाले. मग माझा राग ओसरला. वर्षभर ज्यांनी मला पदर पाहायला शिकवलं, त्यांना वाटत असणार की ही पोरगी आपल्याला हसत होती.

बाराला दारावर टकटक झाली. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी.

"या, काका," मी उभी राहिले. खुर्ची पुढं सरकवली.

रामाजी खुर्चीवर बसले. दारावरची पाटी त्यांनी आत येतानाच वाचली होती, बाहेर बरंच थांबलेले मला काचेतून दिसले होते. पाणी प्यायले. मग पिशवीतून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझ्या पोस्टची छापील प्रत होती आणि त्यावर लाल शाईच्या खुणा.

"माझ्या बोलीले पार इस्त्री करून टाकली तुमी," ते म्हणाले. "अन् शिंका काहून काढल्या? त्या खऱ्या होत्या."

"काका, मी खोटं बोलले तुमच्याशी. वर्षभर. मला माफ करा."

"वर्षभर काहून म्हणता? मले दुसऱ्या महिन्यातच समजलं." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "मे महिन्यात कॉलेजले सुट्टी राहते. तुमी आल्याच. कॉलेज कोणतं विचारलं तं तीनदा तीन सांगितले. अन् प्रोजेक्टवाली पोरगी जीएसटीचा पासवर्ड मागते काय बाप्पा?"

कामिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"चंदनबाबू एवढं लपवून राहिले होते, त्याहिले वाईट वाटलं असतं. अन् तुमचा तो सर मले आवडला. हुशार माणूस." रामाजींनी कागदाची घडी सरळ केली. "तुमचं काम पाहूनच लिहिलं मी ते. खरं तेच लिहिलं."

"मग आज दुकानात का गेला नाहीत?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"रात्री वाचलं मी ते पुन्हा, छापलेलं. आता माल कुठं हाय हे खुर्चीवर बसल्या सांगता येते. मीच लिहिलं होतं. पण छापलेलं वाचलं तेव्हा ध्यानात आलं, खुर्चीवर कोणीबी बसू शकते. माझ्या डोक्यातलं सगळं मीच तुमच्या कागदावर उतरवून देलं. आता मी कशाले पाहिजे?" मग ते म्हणाले, "तुमी खरं सांगा. चंदनबाबूनं तुमाले काय सांगून लावलं? मले काढाचं हाय काय?"

आता माझी पंचाईत बघा. उत्तर माझ्या ओठांवर होतं. एकच वाक्य, आणि या माणसाच्या जिवातला घोर गेला असता. पण ते वाक्य ग्राहकानं मला विश्वासानं सांगितलेलं, आणि तेही नेमकं यांच्यापासूनच लपवायला. आज मी ते फोडलं तर उद्या बाबूलालला कोणत्या तोंडानं सांगू, तुमचं नाव कुणाला कळणार नाही म्हणून?

"काका, ग्राहक मला जे सांगतो ते मी दुसऱ्याला सांगत नाही. तुम्हालाही नाही."

त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले आणि पिशवी उचलली. त्यांचं ते 'बरोबर हाय' मला सहन झालं नाही.

"बसा," मी जरा जोरातच म्हटलं. "सांगत नाही म्हटलं, विचारत नाही असं कुठं म्हटलं?"

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"चंदनभाऊ, फोन स्पीकरवर आहे, आणि माझ्यासमोर दोन माणसं बसली आहेत, हे आधी सांगते. एक आमची कामिनी. दुसऱ्याचं नाव मला सांगता येत नाही."

"काहून?"

"गोपनीय आहे. त्यांना जाणून घ्यायचं आहे, काम घेताना तुम्ही मला काय अट घातली होती. तुमची परवानगी असली तर सांगते, नाही तर नाही."

"तुमाले थट्टा सुचून राहिली, ताई?" चंदनभाऊ कावले. "इथं माझा जीव टांगणीले लागला. सांगा ना कोणालेबी सांगा. मीच सांगतो. एकच अट होती माझी, रामाजीले दुखवाचं नाही. ते गेले नाही पाहिजे. माल विकला नाही तरी चालते म्हटलं होतं मी, आठवते का तुमाले? गोदाम पेटलं तरी चालते आता."

एवढं त्यांनी तेव्हा म्हटलं नव्हतं. पण मी दुरुस्ती केली नाही.

रामाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग लाल शाईचा पेन घेऊन कागदावर, जिथं मी 'मालक, घाऊक व्यापार' लिहिलं होतं तिथं काट मारली आणि बाजूला काहीतरी लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. ज्याचे शब्द नाहीत त्याच्या नावावर ते खपवणं म्हणजे खोटा अभिप्राय, मग नाव छापा नाही तर नका छापू.

"चंदनभाऊ," मी म्हटलं, "पोस्टमध्ये एक बदल करायचा आहे. ते शब्द तुमचे नाहीत, म्हणून त्याखालचं 'मालक' काढते. त्या जागी टाकते, 'दुकानातला जुना माणूस'. बाकी काही नाही, नावगाव नाही. चालेल का? तुमची परवानगी लागेल."

"थांबा," चंदनभाऊ सवयीनं म्हणाले, "रामाजीले विचारून सांगतो."

आणि मग त्यांना आठवलं. फोनमधून फक्त गांधीबागेतला रस्ता ऐकू येत राहिला, एक हातगाडी, कुणाचा तरी हॉर्न. मग बारीक आवाज आला, "ताई, ते तर आलेच नाहीत हो."

मी रामाजींकडे पाहिलं. नाव सांगायचं की नाही, हा आता त्यांचा प्रश्न होता.

रामाजी फोनकडे वाकले.

"हरकत नाही म्हणून सांगा बाईले," ते म्हणाले. "अन् दोन नंबरच्या गोदामाची किल्ली गणपतीच्या फोटोमागं हाय. उमरेडचा माणूस एक वाजता गठ्ठे न्याले येते. मी दीडपर्यंत पोहोचतो, तंवर त्याले चहा पाजून बसवून ठेवा."